आयुष्मान भव : नमस्काराला द्यायचं उत्तर

मराठी घरात मूल उभं राहायला लागलं की त्याला एक गोष्ट हमखास शिकवली जाते : आजीला ‘जय’ कर, आजोबांच्या पाया पड. कुठे वाकायचं, कसं वाकायचं, चप्पल कुठे काढायची, हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. पण ज्याच्यासमोर वाकायचं त्याने काय बोलायचं, हे मात्र कुणी कुणाला शिकवत नाही. परिणाम आपण रोज बघतो. दहावीचा निकाल हातात घेऊन पोरगं वाकतं आणि वरून आवाज येतो, “असू दे, असू दे.” काहीजण डोक्यावर हात ठेवतात आणि बोलायचं विसरतात. काहीजण पाय मागे घेतात आणि “अरे नको रे” म्हणत खांदा धरून उठवतात. नमस्कार करणाऱ्याची तयारी असते, घेणाऱ्याचीच नसते.

जुन्या काळी हे उलटं होतं. नमस्काराच्या उत्तराला नियम होता, तो व्याकरणात लिहून ठेवलेला होता, आणि उत्तर चुकलं तर मोठ्या माणसाचीच नाचक्की होत असे. त्या उत्तराला प्रत्यभिवादन म्हणत. या प्रकरणात मी मुख्यतः त्याच्याबद्दल बोलणार आहे, कारण पाया पडण्याचा निम्म्याहून अधिक अर्थ वाकणाऱ्याच्या पाठीत नसून उभ्या असलेल्याच्या तोंडात असतो, असं माझं मत आहे.

पाणिनी हा इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमाराचा व्याकरणकार. त्याच्या अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात एक छोटं सूत्र आहे. नमस्काराचं उत्तर देताना वाक्याचा शेवटचा स्वर ‘प्लुत’ करावा, असं ते सांगतं. ऱ्हस्व स्वर एक मात्रेचा, दीर्घ दोन मात्रांचा आणि प्लुत तीन मात्रांचा. कोंबडा आरवतो तेव्हा पहिला आवाज तुटक, दुसरा लांब आणि तिसरा ताणलेला असतो. हे तीन प्रकार समजावताना वैयाकरण त्या आरवण्याकडेच बोट दाखवतात. व्यवहारात हे असं चाले. देवदत्त नावाचा तरुण गुरूंसमोर येतो आणि म्हणतो, “अभिवादये देवदत्तोऽहं भोः”, म्हणजे ‘महाराज, मी देवदत्त, आपल्याला नमस्कार करतो.’ गुरू म्हणतात, “आयुष्मानेधि देवदत्त३.” दीर्घायुषी हो, देवदत्ता. शेवटचा तीनचा आकडा म्हणजे ताणलेल्या स्वराची खूण. पोथ्यांमध्ये तो असाच लिहिलेला सापडतो.

या दोन वाक्यांत काय घडलं ते बघण्यासारखं आहे. धाकट्याने आपलं नाव सांगितलं आणि थोरल्याने तेच नाव परत उच्चारलं, तेही जरा लांबवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आशीर्वादात आयुष्य तर होतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो आशीर्वाद कुणासाठी आहे हे जाहीर होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही हाच विधी सांगितला आहे. पुढे मनू म्हणतो की ज्याला नमस्काराचं उत्तर देता येत नाही, त्याला जाणत्या माणसाने नमस्कारच करू नये. आज हे वाचताना जरा दचकायला होतं. वडीलधारा आहे म्हणून वाकायचं, असं त्यात नाही. उत्तर देण्याची पात्रता ही वडीलधारेपणाची अट आहे.

पतंजलीने तर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, महाभाष्याच्या सुरुवातीलाच, व्याकरण का शिकावं याची कारणं सांगताना हा विषय काढला आहे. जे पुरुष उत्तरात नाव ताणायला विसरतात, त्यांना प्रवासाहून परतलेल्या माणसाने नाव-गाव न सांगता नुसतं ‘हा मी आलो’ एवढंच म्हणावं, जसं बायकांना म्हणतात, असा एक जुना टोमणा त्याने दिला आहे. तेव्हा आपल्याला कुणी बायकांसारखं वागवू नये म्हणून व्याकरण शिकावं, असा त्याचा निष्कर्ष. टोमण्यातली बाईविषयीची तुच्छता लपून राहत नाही, आणि पाणिनीच्या सूत्रातच ‘शूद्राला उत्तर देताना हा नियम नाही’ असंही आहे. नाव घेऊन मिळणारा पूर्ण आशीर्वाद सगळ्यांसाठी नव्हताच. ही गोष्ट लक्षात ठेवू, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

नमस्कार करणाऱ्याच्या बाजूचे नियम त्या मानाने सोपे होते, आणि त्यातले बरेच आजही आपण नकळत पाळतो. आपस्तंब धर्मसूत्र सांगतं की पायात जोडे, डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र किंवा हातात सामान असताना नमस्कार करू नये. म्हणून तर गावाहून आलेली मुलगी आधी पिशवी खाली ठेवते, मग वाकते. गुरूंचे पाय धरताना हात एकमेकांवरून उलटे न्यावेत, असं मनूने सांगितलं आहे. आपण समोरासमोर उभे असल्यामुळे आपला उजवा हात सरळ खाली नेला तर तो समोरच्याच्या डाव्या पायावर जातो. हात ओलांडून नेले की उजवा उजव्यावर आणि डावा डाव्यावर पडतो. मुंजीत बटूला आजही हेच करायला लावतात. गोत्र आणि प्रवर सांगून, नाव घेऊन, ‘भो अभिवादये’ म्हणायचं. पोराची जीभ प्रवरावर अडखळते, भटजी पुढचा शब्द पुरवतात, जमलेले नातेवाईक हसतात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा शिष्टाचार एवढ्यापुरता शाबूत आहे. फरक इतकाच की उत्तर देणाऱ्या काका-मामांना त्यांच्या वाट्याचं वाक्य येत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्या बायका याखेरीज आणखी काही सांगतात. झोपलेल्या माणसाच्या पाया पडू नये, कारण आडव्या माणसाला नमस्कार फक्त अखेरचा असतो. म्हणून आजारी आजी अंथरुणावर असली तर “थांब, उठून बसू दे” म्हणते. एका हाताने नमस्कार करू नये. सुतकात नमस्कार करू नये आणि घेऊही नये. साष्टांग नमस्कार, म्हणजे छाती जमिनीला टेकवून घातलेला दंडवत, पुरुषांनी घालावा; बायकांनी गुडघे आणि कपाळ टेकवावं. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे अलीकडे ‘ऊर्जा’ सापडते. पायाच्या अंगठ्यातून वीज निघते, हात उलटे केले की वर्तुळ पूर्ण होतं, वगैरे. मोबाइलवर फिरणाऱ्या या मजकुराला काहीही आधार नाही. मनूने दिलेलं कारण निराळं आणि जास्त मजेदार आहे : मोठं माणूस समोर आलं की तरुणाचे प्राण वर उसळतात, आणि उठून नमस्कार केला की ते जागेवर येतात. वर्गात मुख्याध्यापक अचानक शिरल्यावर मुलांचं काय होतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या वर्णनात तथ्य वाटेल. पण ते मनाचं वर्णन आहे, विजेचं नाही.

आता आशीर्वादाच्या वजनाकडे येऊ. महाभारतात याचा एक प्रसंग असा आहे की त्यात नमस्काराचे सगळे पदर एकदम उलगडतात. भीष्मपर्वात दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी आहेत. गीता सांगून झाली आहे, शंख वाजलेत. आणि अशा वेळी युधिष्ठिर चिलखत उतरवतो, शस्त्रं खाली ठेवतो, रथातून उतरतो आणि हात जोडून मुकाट्याने, पायी शत्रूच्या सैन्याकडे चालू लागतो. भाऊ घाबरून मागे धावतात. कृष्णाला मात्र त्याचा हेतू कळलेला असतो. कौरवांच्या सैनिकांना वाटतं, भ्याला, शरण आला. ते एकमेकांत कुजबुजतात आणि हिणवतात. युधिष्ठिर थेट भीष्मांकडे जातो आणि दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरतो. म्हणतो, तुमच्याशी लढायचं आहे, परवानगी द्या आणि आशीर्वाद द्या.

भीष्मांचं उत्तर महत्त्वाचं आहे. ते म्हणतात, तू असा आला नसतास तर मी तुला पराभवाचा शाप दिला असता. आलास म्हणून संतुष्ट आहे, लढ आणि जय मिळव. पुढे ते प्रांजळपणे सांगतात की माणूस धनाचा दास असतो, कौरवांनी मला पोसलं आहे, म्हणून लढायला मी त्यांच्याकडूनच लढणार. ते सोडून दुसरं काहीही माग. युधिष्ठिर तिथून द्रोणांकडे, मग कृपांकडे, मग शल्याकडे जातो. प्रत्येक जण जवळपास हेच बोलतो. आला नसतास तर शाप, आलास म्हणून जय. द्रोण तर आपण कधी शस्त्र खाली ठेवू हेही सांगून टाकतात : विश्वासू माणसाच्या तोंडून फार अप्रिय बातमी ऐकली तर. कृपांना मारता येत नाही हे युधिष्ठिराला माहीत असतं आणि त्यांच्यापुढे त्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही. ते ओळखून कृप म्हणतात, मी रोज सकाळी उठून तुझ्या जयाची इच्छा करीन.

म्हणजे दिवसभर बाण मारायचे ते दुर्योधनासाठी, आणि सकाळी उठून जय चिंतायचा तो युधिष्ठिराला. आजच्या डोळ्यांना हे दुटप्पी वाटेल. पण त्या व्यवहारात नोकरी आणि आशीर्वाद ही दोन खाती वेगळी होती. समोर वाकलेल्या माणसाला त्याच्या पात्रतेप्रमाणे उत्तर देणं हे वडीलधाऱ्याचं देणं होतं, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

आणि तो आपल्याच बाजूचा असला, पोटचा असला, तरी खोटा आशीर्वाद द्यायचा नाही. युद्धाचे अठरा दिवस दुर्योधन रोज आईकडे येऊन ‘माझं कल्याण चिंत’ म्हणत असे. गांधारी रोज एकच उत्तर देई : जिकडे धर्म असेल तिकडे जय जाईल. तिने त्याला ‘विजयी हो’ असं एकदाही म्हटलं नाही. आईच्या तोंडचा हा आशीर्वाद ऐकून दुर्योधनाला काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर थरथरत तिच्यासमोर येतो आणि म्हणतो, तुमच्या मुलांना मारणारा मी आहे, मला शाप द्या. गांधारी काही बोलत नाही, नुसता सुस्कारा सोडते. तो पायावर पडायला वाकतो, तेव्हा डोळ्यांवरच्या पट्टीच्या कडेखालून तिला त्याच्या बोटांची टोकं दिसतात आणि त्याची सुंदर नखं तिथल्या तिथे विद्रूप होतात. ते पाहून अर्जुन कृष्णाच्या मागे सरकतो. नमस्काराला उत्तर मिळालं नाही की काय होतं, हे व्यासांनी एवढ्याशा नखांत दाखवलं आहे.

आपल्याकडच्या ज्या कथेने मराठी साहित्याचा इतिहास घडवला, तीही एका आशीर्वादाचीच आहे. पैठणजवळच्या आपेगावचे विठ्ठलपंत संसार सोडून काशीला गेले आणि संन्यासी झाले. त्यांची पत्नी रुक्मिणी माहेरी, आळंदीला, वडील सिधोपंतांकडे राहत होती. परंपरा सांगते की ती रोज पिंपळाला प्रदक्षिणा घालत असे. आळंदीच्या मंदिरातला सुवर्णपिंपळ आजही लोक दाखवतात. पुढे विठ्ठलपंतांचे गुरू तीर्थयात्रेला निघाले आणि आळंदीला उतरले. गुरूंचं नाव वेगवेगळ्या चरित्रांत वेगवेगळं येतं, पण प्रसंग तोच आहे. रुक्मिणीने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी तिच्या कपाळाचं कुंकू पाहिलं आणि सवयीने आशीर्वाद दिला : पुत्रवती भव. तिला हसू आलं. स्वामींनी कारण विचारलं, तेव्हा कळलं की नवरा काशीला संन्यासी आहे, आणि जरा खोदून विचारल्यावर कळलं की त्याला संन्यास दिला तो आपणच.

इथे स्वामींपुढे दोन वाटा होत्या. दिलेला शब्द मागे घ्यायचा किंवा दिलेला संन्यास. त्यांनी यात्रा अर्धवट टाकली, काशीला परतले आणि शिष्याला गृहस्थाश्रमात परत पाठवलं. संन्याशाने पुन्हा संसार मांडल्याबद्दल त्या कुटुंबाला जे वाळीत टाकणं सोसावं लागलं, ते मराठी माणसाला सांगायला नको. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार मुलं त्या आशीर्वादानंतरची. कथेचा इतिहास म्हणून आग्रह धरण्याचं कारण नाही. पण ज्या समाजाने ती सांगितली, त्याला आशीर्वाद म्हणजे काय वाटत होतं ते त्यात स्वच्छ दिसतं. तोंडातून गेलेला आशीर्वाद ही हुंडी आहे, आणि ती वटवण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे.

या कथेत मला आणखी एक गोष्ट दिसते. स्वामींनी विचारलं नाही, ही तू कोण, तुझं काय चाललं आहे. कुंकू बघितलं आणि ठरलेला आशीर्वाद दिला. जुन्या विधीत वाकणाऱ्याने आधी नाव सांगायचं असे. बाईच्या बाबतीत तो भाग गळून गेलेला होता. तिचं नाव तिच्या कपाळावर आणि गळ्यात वाचायचं. मराठी आशीर्वादांची यादी आठवून बघा. मुलाला म्हणायचं मोठा हो, औक्षवंत हो, खूप शीक, नाव काढ, यशस्वी हो. मुलीला, ती जरा वयात आली की, चांगलं घर मिळू दे. लग्न झालेलीला अखंड सौभाग्यवती भव, जन्मसावित्री हो, आणि आजीच्या पिढीपर्यंत अष्टपुत्रा सौभाग्यवती भव. आठ मुलगे हा आशीर्वाद आता कुणाला दिला तर सून सासूकडे बघते आणि दोघी हसतात. तो गेला ते बरंच झालं.

‘जन्मसावित्री’मधली सावित्री वनपर्वातली, जिच्यासाठी आपल्याकडे वटपौर्णिमेला वड पुजतात. सत्यवानाच्या मृत्यूचा ठरलेला दिवस उजाडतो, तेव्हा ती सगळ्या वडीलधाऱ्यांना आणि सासूसासऱ्यांना नमस्कार करते. आश्रमातले तपस्वी तिला वैधव्य न येण्याचा आशीर्वाद देतात. आज काय होणार आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नसतं, तिला एकटीला माहीत असतं. ती मनातल्या मनात ‘तसंच होवो’ म्हणते. पोथीत जाग्यावर असलेला हा आशीर्वाद व्यवहारात मात्र भलताच अवघड ठरला. कारण सौभाग्याखेरीज बाईला देण्यासारखं दुसरं काही वडीलधाऱ्यांच्या तोंडी शिल्लकच राहिलं नाही. नवरा गेलेली बाई वाकली की समोरच्याचे ओठ हलायचे थांबतात. “बरं, बरं” किंवा “सुखी राहा” असं काहीतरी पुटपुटलं जातं. लग्नात तर तिने वधूला आशीर्वाद द्यायला पुढे यावं की नाही यावरच कुजबुज चालते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं यांचा उल्लेख होता. आशीर्वादाचा प्रश्न ठरावाने सुटणारा नाही, तो घरोघरी सोडवावा लागेल.

आशीर्वादाची ही सगळी उतरंड जुन्या पत्रांत फार नीट पाहायला मिळते. वडिलांना लिहायचं तर ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, आणि पुढे ‘कृ. शि. सा. न. वि. वि.’, म्हणजे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इतक्या वेळा लिहिलं गेलेलं की अक्षरांचे ठिपकेच उरले. धाकट्याला ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’. बाईच्या नावामागे ‘सौ.’, लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’, आणि विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’, गंगाभागीरथी. पत्र उघडलं की मजकुराआधीच कोण कुणाच्या पाया पडतंय आणि बाईचा नवरा आहे की नाही हे समजे. शेवटी एक ओळ ठरलेली असे : घरातील मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. पत्र वाचून दाखवणारा त्या ओळीवर थांबे आणि मग खरोखरच पोरांच्या डोक्यावरून हात फिरवी. कागदावरून आलेला आशीर्वाद पोचता केला जात असे.

नमस्कार कुणी कुणाला करायचा हा प्रश्न वयाचा तेवढाच जातीचा होता. रामराम, दंडवत, नमस्कार, जोहार हे शब्द पेशवाईत एकमेकांच्या जागी वापरता येत नसत. महारांनी म्हणायचा तो जोहार. 1779 साली मुंबईतल्या कंपनी सरकारने पेशव्यांच्या सांगण्यावरून, सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये असा हुकूम काढला होता. इंग्रज सरकारला एका शब्दावर हुकूम काढावा लागतो, यावरून त्या शब्दाला काय भाव होता ते समजावं. पाणिनीच्या सूत्रातला अपवाद अशा रीतीने दोन हजार वर्षं टिकला. जोहार पुढे टाकला गेला आणि त्याच्या जागी ‘जय भीम’ आलं. त्यात वाकायचं नसतं. दोघांनी एकच शब्द म्हणायचा, उत्तर आणि नमस्कार यांत फरकच नाही.

वारकऱ्यांनी हा प्रश्न त्याआधी दुसऱ्याच पद्धतीने सोडवला होता. वारीत वाकणाऱ्याला आशीर्वाद मिळत नाही, त्याला उलट नमस्कार मिळतो. साठीचा माणूस विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो, ते पोरगं तेवढ्यात खाली वाकून त्याच्या पायाला लावतं, दोघेही “माउली” म्हणतात आणि पुढे चालू लागतात. पहिल्यांदा वारीला गेलेला शहरी माणूस इथे गडबडतो. म्हातारी पायाशी वाकली की तो संकोचाने मागे उडी मारतो. तसं करू नये. आपणही वाकावं, एवढंच त्याचं उत्तर आहे. महानुभावांमध्येही भेटल्यावर ‘दंडवत प्रणाम’ असं दोन्हीकडून म्हटलं जातं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पोरं वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’ मागतात. शब्द पोर्तुगीज, पण शुभंकरोतीनंतर पाया पडणाऱ्या शेजारच्या घरातल्या पोरांची आणि त्यांची वेळ तीच.

आता पुन्हा आपल्या दिवाणखान्यात येऊ. नमस्कार बिघडलाय हे ओळखायची एक खूण सगळ्यांना माहीत आहे : हात गुडघ्यापर्यंतच जातो. जीन्स घट्ट आहे, गर्दी आहे, फोन हातात आहे. गुडघ्याला ओझरता स्पर्श करून माणूस सरळ होतो. यावर वडीलधारे नाराज असतात आणि बोलूनही दाखवतात. पण तितकीच बिघाडाची खूण त्यांच्या बाजूलाही असते. लग्नाच्या स्वागत समारंभात जोडपं रांगेने वाकत पुढे सरकतं आणि वरून शंभर जण एकच वाक्य टाकतात, नजर जेवणाच्या पंगतीकडे. दसऱ्याला आपट्याची पानं देऊन वाकलेल्या पुतण्याला काका विचारतात, “तू कितवीला रे आता?” त्याला उत्तर मिळतं, “काका, मी नोकरीला लागलो.” इथे गुडघा आणि पाय यांतलं अंतर हा मुद्दाच राहत नाही.

आणि हे दुरुस्त करायला संस्कृत लागत नाही. नातीची उद्या परीक्षा आहे, ती वाकली तर तिचं नाव घेऊन “गणिताचा पेपर शांतपणे लिही, येईल तुला” एवढं म्हटलं तरी प्रत्यभिवादन झालं. बोलण्याआधी क्षणभर थांबावं लागतं, कोण वाकलंय हे बघावं लागतं, आणि त्याचं काय चाललंय हे माहीत असावं लागतं. ज्यांना ते माहीत नाही त्यांनी विचारावं. रुक्मिणीच्या स्वामींनी विचारलं असतं तर त्यांची यात्रा पुरी झाली असती. नवरा गेलेली लेक किंवा सून वाकली तर तिच्या तब्येतीला, तिच्या कामाला, तिच्या मुलांना, तिच्या एकटीच्या सुखाला देण्यासारखं पुष्कळ आहे. आणि तुम्ही चौरंगावर मांडी घालून बसला असाल तर वाकणाऱ्याला पाय सापडतील असे पुढे करा. निम्मे लोक गुडघ्याला हात लावतात ते यामुळे.